पिवळ्या खिडकीचा प्रश्न

ॲनिमेशनपटातली रात्र आपल्या इतकी ओळखीची झाली आहे, की ती खरीच रात्रीसारखी आहे का हे आपण पाहतही नाही. वर गर्द निळं आकाश, खाली त्याहून गर्द घरं आणि त्यांतल्या एका घराची खिडकी मधासारखी पिवळी. खिडकी पिवळी दिसली की आत माणसं आहेत, ताटं वाढली आहेत, कुणीतरी वाट पाहतंय, हे सगळं न सांगता कळतं. ही खूण शेकोटीच्या, मेणबत्तीच्या आणि पुढे पिवळ्या बल्बच्या घरांमधून तयार झाली आणि चित्रपुस्तकांतून, सिनेमांतून जगभर पसरली. अडचण एवढीच आहे की २००५ साली खारघरच्या एखाद्या सोसायटीत रात्री दिसणारी खिडकी सहसा पिवळी नसे. ती पांढरी असे, किंचित हिरवट-निळसर पांढरी, कारण आत ट्यूबलाइट असे. पिवळा असे तो बाहेरचा रस्ता.

मी द्विमितीय ॲनिमेशनसाठी पार्श्वचित्रं रंगवते आणि प्रसंगांची रंगसंगती ठरवते. राहते खारघरला. रात्रीच्या प्रसंगाचे रंग कसे ठरतात हे इथे सांगायचं आहे, आणि त्यासाठी मी एकच प्रसंग घेणार आहे. एका लघुपटातला हा प्रसंग चाळीस सेकंदांचा आहे. साल २००५, ऑगस्ट महिना, पाऊस. हार्बर लाइनच्या उशिराच्या लोकलने आलेला एक बाप खारघर स्टेशनातून बाहेर पडतो, मोकळ्या प्लॉटांमधल्या लांब रस्त्याने चालत येतो आणि आपल्या इमारतीत शिरतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्याची आठ वर्षांची मुलगी रस्त्यावर नजर लावून बसली आहे. संवाद नाही. ती घाबरलेली आहे, आणि प्रसंग संपताना ती भीती गेलेली असली पाहिजे. हे काम रंगांनी करायचं आहे. आमच्या दिग्दर्शकांची पहिली सूचना साधी होती: “रस्ता निळा घ्या, खिडकी पिवळी घ्या. घर वाटलं पाहिजे.” ही सूचना पाळणं अगदी सोपं होतं. पण ती पाळली असती तर प्रसंग खारघरमध्ये घडला नसता, कुठेही घडला असता.

मुळात रात्र निळी का दाखवतात, हे आधी पाहू. चांदणं निळं नसतं. चंद्रावरून परावर्तित होऊन येणारा सूर्यप्रकाश मूळ सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतो. निळेपणा आपल्या डोळ्यांत आहे. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. उजेड कमी होत गेला की काम शंकूंकडून दंडांकडे जातं, आणि दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला जास्त, तर तांबड्याला फार कमी प्रतिसाद देतात. म्हणून तिन्हीसांजेला जास्वंदीचं फूल काळं पडतं, पण तिची पानं अजून दिसत राहतात. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं आणि हा परिणाम आज त्याच्या नावाने ओळखला जातो. चित्रकारांना आणि पुढे सिनेमावाल्यांना त्यातून एक सोयीची खूण मिळाली. मूकपटांच्या काळात दिवसा टिपलेल्या प्रसंगाची फीत निळ्या रंगात बुडवली की प्रेक्षक ती रात्र मानत.

म्हणजे निळी रात्र खोटी नाही, पण ती विशिष्ट रात्र आहे. दिवे नसलेली, चांदण्यातली, डोळे अंधाराला सरावलेले असतानाची. शहरातली रात्र तशी नसते. रस्त्यावरच्या दिव्याखाली शंकूपेशी पूर्ण मिटलेल्या नसतात, आपल्याला रंग दिसत असतात. ते कोणते दिसतात आणि कोणते नाहीसे होतात, हे दिवा ठरवतो. शहरी रात्र रंगवायची असेल तर पहिला प्रश्न रंगाचा नसतोच. पहिला प्रश्न असतो: या चौकटीत उजेड कुठून येतो आहे, आणि त्यातला सर्वांत उजळ कोणता?

या प्रश्नाचं उत्तर मी रंगांशिवाय शोधते. काडेपेटीएवढ्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येकीत फक्त करड्या रंगाच्या चार-पाच पायऱ्या वापरायच्या. काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला शंभर मानलं तर आमच्या रस्त्याच्या चौकटीत टेकडी बारावर बसली, इमारतींच्या अंधाऱ्या बाजू पंधरावर, आकाश चोवीसवर, दिव्याखालचा ओला रस्ता पंचेचाळीसच्या आसपास. खिडकी नव्वदच्या पुढे. चौकटीचा बहुतेक भाग दहा ते पंचेचाळीस या पट्ट्यात राहतो आणि त्याच्या वरच्या पायऱ्या अगदी थोड्या जागेसाठी राखून ठेवल्या जातात. रात्र वाटते ती या वाटणीमुळे. ही वाटणी चुकली तर कितीही निळा ओतला तरी चित्र ढगाळ दुपारीसारखं दिसतं.

यात नवख्या हाताला हमखास फसवणारी जागा म्हणजे आकाश. रात्र म्हणजे काळं आकाश, असं आपण गृहीत धरतो आणि आकाशाला चौकटीतला सर्वांत गडद रंग देतो. बाहेर जाऊन पाहिलं तर उलट दिसतं. खारघरच्या टेकडीची कड रात्रीही स्पष्ट दिसते, कारण तिच्यामागचं आकाश तिच्यापेक्षा उजळ असतं. दिवे नसलेल्या गावातही आकाश सहसा जमिनीपेक्षा उजळ असतं. शहराजवळ हा फरक वाढतो आणि पावसाळ्यात आणखी वाढतो, कारण खाली उतरलेले ढग शहराचाच उजेड परत पाठवतात. २००५ च्या आमच्या रात्री हा परतलेला उजेड रस्त्यावरच्या दिव्यांचा, म्हणजे नारिंगी होता. तो ढगांच्या करड्यात मिसळून राखाडी-तपकिरी झाला, जुन्या पितळी भांड्याच्या बुडासारखा. आकाशात निळा औषधालासुद्धा उरला नाही.

दुसरं पथ्य शुद्ध काळ्याचं. रात्रीच्या चित्रात मी शून्य जवळजवळ वापरत नाही. दारामागची फट, गाडीखालची सावली, एवढ्याच जागी. कारण हे चित्र अंधाऱ्या सभागृहातच पाहिलं जाईल याचा भरवसा नाही. उजेडातल्या खोलीत, मोबाइलच्या काचेवर, पाचाच्या खालच्या सगळ्या पायऱ्या एकच काळा डाग होतात. आपण मेहनतीने रंगवलेला जिना, गेट, पारिजातकाचं झाड, सगळं त्यात बुडतं.

तिसरी अडचण आकड्यांची आहे, पण सोपी. नेहमीच्या डिजिटल चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. दिवसाचं आकाश वरून खाली फिकं होत जाताना त्यांतल्या शंभरेक पायऱ्या सहज वापरते आणि बदल गुळगुळीत दिसतो. रात्रीचं आकाश सोळापासून चोवीसपर्यंतच बदलतं. शंभरातल्या आठ पायऱ्या म्हणजे २५६ मधल्या सुमारे वीस. पडद्याची उंची १०८० बिंदू असेल तर प्रत्येक पायरी सुमारे ५४ बिंदूंची, म्हणजे स्पष्ट दिसेल एवढी रुंद पट्टी होते. तुपाचे थर बसावेत तसं आकाश दिसू लागतं. त्यावर उपाय म्हणजे आकाश सपाट न ठेवणं: ढगांच्या कडा, कुंचल्याचे फराटे, किंवा साऱ्या आकाशावर अगदी बारीक रवाळपणा. त्याने पायऱ्यांच्या कडा मोडतात.

आता दिव्याकडे येऊ. २००५ च्या त्या रस्त्यावर सोडियमचे दिवे होते. या दिव्याचा प्रकाश बहुतांशी पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असतो. निळा त्यात जवळजवळ नसतो. एखादी वस्तू निळी दिसते, कारण ती तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग परत पाठवते. पडलेल्या प्रकाशात निळा नसेलच तर ती पाठवणार काय? म्हणून सोडियमच्या दिव्याखाली निळी गाडी काळपट दिसते आणि पार्किंगमध्ये आपली कोणती ते ओळखू येत नाही. दिव्यांची रंग दाखवण्याची क्षमता मोजायचं एक कोष्टक आहे. त्यात सूर्यप्रकाशाला शंभर गुण मानतात. रस्त्यावरच्या नेहमीच्या सोडियम दिव्याला जेमतेम वीस-पंचवीस मिळतात. जुन्या जाड ट्यूबलाइटला साठ-सत्तर. हा फरक आमच्या साऱ्या प्रसंगाचा कणा ठरला, पण ते पुढे.

पात्रांचे दिवसाचे रंग ठरलेले असतात. रात्रीचे रंग काढताना अनेकदा सगळ्या पात्रावर गडद निळ्याचा एक पारदर्शक थर टाकून काम उरकलं जातं. त्याने पात्र काळवंडतं, पण प्रकाशात उभं राहत नाही. शर्ट, कातडी, चप्पल सगळ्यांवर एकच सावट येतं, आणि दिव्याकडची बाजू व पाठीकडची बाजू सारखीच राहते. त्याऐवजी प्रत्येक रंगाचा दिव्याच्या रंगाशी गुणाकार करून पाहावा. बापाचा शर्ट दिवसा फिका निळा आहे: २५५ पैकी तांबडा १५०, हिरवा १८०, निळा २१५. आमच्या सोडियम दिव्याचा रंग धरला तांबडा पूर्ण, हिरवा सुमारे दोनतृतीयांश, निळा पावच्या थोडा वर. गुणाकार केला की शर्ट होतो १५०, १२०, ५८. म्हणजे मळकट खाकी. मग त्याला रात्रीच्या उजळपणावर खाली आणायचं. त्याच हिशेबाने मुलीचा हिरवा फ्रॉक शेवाळी होतो आणि रस्त्याकडेची झाडं तपकिरी. हे आकडे म्हणजे अखेरचे रंग नव्हेत. ते दिशा दाखवतात, पुढे डोळ्यांनी कमी-जास्त करावं लागतं. पण निदान दिशा खरी असते.

या गुणाकारात कथेचीच एक गाठ सापडली. मुलगी गॅलरीतून बापाला ओळखते ती त्याच्या छत्रीवरून. पटकथेत छत्री निळी लिहिलेली होती, कारण बाकी सगळ्यांच्या छत्र्या काळ्या. कागदावर हे सुरेख होतं. सोडियमच्या दिव्याखाली निळी छत्री काळीच दिसते. मुलीला ओळखता येणार नाही, प्रेक्षकालाही येणार नाही. छत्री तांबडी करून चाललं असतं, पण तांबडी छत्री घेऊन ऑफिसला जाणारा बाप हा वेगळाच माणूस झाला असता. शेवटी छत्री काळीच ठेवली आणि तिच्या एका पाखीला ठिगळ लावलं, फिक्या कापडाचं, आईने घरी शिवलेलं. रात्री रंगावर विसंबता येत नाही तिथे उजळपणावर आणि आकारावर विसंबावं लागतं. वरून पाहताना काळ्या वर्तुळांच्या मधून एक वर्तुळ येतं, ज्याचा आठवा हिस्सा उजळ आहे. करड्या चौकटीतसुद्धा ते ओळखू येतं. चौकट करड्यात बदलून पाहणं ही रात्रीच्या चित्राची पहिली परीक्षा. जे रंग काढून घेतल्यावरही कळतं, तेच रात्री कळेल.

ओल्या रस्त्याचंही थोडं सांगायला हवं, कारण पावसाळी रात्र खरी वाटते ती त्याच्यामुळे. पाऊस पडला की डांबर उजळ होतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कोरडं डांबर खडबडीत असल्यामुळे उजेड सगळीकडे विखुरतं, म्हणून ते मध्यम करडं दिसतं. ओलं डांबर आरशासारखं वागतं. उजेड एका दिशेने पाठवतं आणि बाकी ठिकाणी पहिल्यापेक्षा काळं पडतं. म्हणून ओल्या रस्त्याला गडद रंग द्यायचा आणि त्यावर दिव्याचं प्रतिबिंब प्रेक्षकाच्या दिशेने लांबट ओढायचं, मूळ दिव्यापेक्षा एक-दोन पायऱ्या कमी उजळ. पावसाच्या रेघा साऱ्या चौकटीभर मारायच्या नाहीत. त्या दिव्याच्या झोतापुरत्याच दिसतात. झोताबाहेर पाऊस ऐकू येतो, दिसत नाही.

आता खिडकी. दिग्दर्शकांचा आग्रह मला समजत होता. घर ऊबदार वाटायला हवं आणि ऊब म्हणजे पिवळा. पण इथे ऊबदार रंग रस्त्याने आधीच घेऊन टाकला आहे. मुलीला ज्याची भीती वाटते ती जागा नारिंगी, आणि तिची आई जिथे भाकऱ्या भाजते ती जागा थंड पांढरी. ओळखीची खूण उलटी झाली. खिडकी पिवळी केली तर ती रस्त्यात विरघळून जाते. पिवळ्यात पिवळा, ओढ कशाची वाटणार? रस्ता निळा केला तर साल आणि गाव दोन्ही पुसलं जातं.

उत्तर एका जुन्या चित्राने दिलं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र मराठी घरांत कॅलेंडरवर, पोस्टकार्डावर कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती. चित्र जलरंगातलं आहे, ही आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, उजेड म्हणजे न रंगवलेला किंवा जेमतेम रंगवलेला कागद. एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळ करणं फार कठीण. म्हणून चित्रकाराला पहिला थर देण्याआधीच ठरवावं लागतं की उजेड कुठे शिल्लक ठेवायचा. त्या चित्रात ज्योतीवर हाताचा आडोसा आहे, आणि उजेड आपल्याला बोटांतून झिरपताना दिसतो, चेहऱ्यावर पडलेला दिसतो. आपण दिव्यापेक्षा दिव्याने काय उजळलं ते पाहत राहतो. चित्राची ऊब पिवळ्या रंगात आहे त्याहून जास्त या गोष्टीत आहे, की साऱ्या अंधारात एकाच माणसाला त्याचे रंग मिळाले आहेत.

हे लक्षात आल्यावर खिडकीचा प्रश्न सुटला. मुलीची भीती जाते ती पिवळ्यामुळे नव्हे. ट्यूबलाइट थंड असली तरी ती सोडियमच्या दिव्याला जमत नाही ते करते: वस्तूंना त्यांचे रंग परत देते. रस्त्यावर सगळं जग एकाच रंगाचं झालेलं आहे. निळा शर्ट खाकी, हिरवी झाडं तपकिरी, माणसांचे चेहरे सारखेच तांबूस आणि परके. बाप जिना चढून दारात येतो, दार उघडतं, आणि ट्यूबच्या उजेडात शर्ट पहिल्यांदा निळा होतो, फ्रॉक हिरवा होतो, दाराच्या चौकटीवरचं वाळलेलं तोरण ओळखू येतं. घर म्हणजे जिथे रंग परत येतात ती जागा. सबंध प्रसंगाची रंगसंगती या एका वाक्यावर बांधली. दिग्दर्शकांना मी तीन चौकटी शेजारी शेजारी मांडून दाखवल्या: स्टेशन, रस्ता, दार. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मग रस्त्यावर एकही दुसरा रंग दिसता कामा नये. एकही.” ते बरोबर होतं. परत मिळण्याचा आनंद हवा असेल तर आधी पुरतं हिरावून घ्यावं लागतं. स्टेशनबाहेरच्या टपरीची हिरवी पाटी आम्ही काढून टाकली.

पण खिडकी नेमकी कोणत्या रंगाने रंगवायची? इथे एक जुनी गोष्ट मदतीला येते. फ्रान्समधल्या गोबलँ या चित्रजवनिकांच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये रंगांच्या शेजाराविषयी एक ग्रंथ लिहिला. धागा तोच असला तरी शेजारचा धागा बदलला की त्याचा रंग बदललेला भासतो, हे त्यांनी दाखवलं. नारिंगीच्या शेजारी साधा करडा ठेवला तर तो निळसर दिसतो. आमची सबंध चौकट नारिंगी असताना खिडकीत निळा घालायची गरजच नव्हती. घातला असता तर ती टीव्हीसारखी किंवा दवाखान्यासारखी दिसली असती. खिडकीला दिला तो जवळजवळ तटस्थ पांढरा, जुन्या ट्यूबची आठवण राहावी म्हणून कणभर हिरव्याकडे झुकलेला: तांबडा २३२, हिरवा २३८, निळा २२६. वेगळा काढून पाहिला तर हा रंग मळक्या कागदासारखा वाटतो. रस्त्याच्या मधोमध तो थंड, स्वच्छ आणि दूरवरून ओळखू येणारा दिसतो. शिवाय या एका खिडकीसाठी नव्वदच्या वरचा उजळपणा राखून ठेवला. रस्त्यावरचे दिवेसुद्धा ऐंशीला थांबवले. वस्तुस्थितीत दिवा खिडकीपेक्षा कितीतरी प्रखर असतो. इथे मी वास्तवाला मुरड घातली, कारण चौकटीत सर्वांत उजळ जागा एकच असू शकते आणि ती कुणाची हे कथेने ठरवायचं असतं. रंगाच्या बाबतीत खरं राहायचं आणि उजळपणाच्या बाबतीत कथेचं ऐकायचं, अशी ती तडजोड होती.

एवढं ठरल्यावर चित्र हलवायचं होतं, आणि तिथे खर्चाचा प्रश्न येतो. स्थिर चित्रात प्रत्येक घडीला वेगळा रंग देता येतो. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी असतात. चालत्या माणसावर दिव्याचा उजेड चढतो, उतरतो, सावली पायाखालून पुढे सरकते. हे सगळं चौकटीगणिक रंगवायचं म्हटलं तर काही सेकंदांना कित्येक दिवस लागतील. म्हणून बापाचे दोनच संच केले, एक दिव्याखालचा आणि एक दोन दिव्यांच्या मधल्या अंधारातला. एकातून दुसऱ्यात जाताना दहा चौकटींत एक विरघळतो आणि दुसरा उमटतो. घरातला तिसरा संच म्हणजे त्याचे दिवसाचेच रंग, थोडे खाली आणलेले. मुलीचे दोन संच, गॅलरीतला आणि दारातला. दोन पात्रांसाठी एकूण पाच. खांबांमधलं अंतरही कमी केलं. तीस मीटर चालायला माणसाला वीस-पंचवीस सेकंद लागतात. आमच्याकडे सबंध रस्त्यासाठी अठराच सेकंद होते. दर चार सेकंदांनी एक दिवा येईल असे खांब मांडले. बाप दिसतो, हरवतो, दिसतो, हरवतो. मुलीचा श्वास त्या लयीवर बसवला.

सरतेशेवटी तपासणी. तिन्ही चौकटी आगपेटीएवढ्या करून शेजारी ठेवायच्या: पहिल्या दोन एका घरातल्या वाटल्या पाहिजेत आणि तिसरी पाहुणी. मग त्या करड्या करून पाहायच्या: छत्रीचं ठिगळ आणि खिडकी, दोन्ही शोधावी न लागता सापडली पाहिजेत. मग चित्रफीत साध्या मोबाइलवर, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून, दुपारी खिडकीशी बसून पाहायची. जिना दिसत नसेल तर गडद पायऱ्या दोन-तीनने वर घ्यायच्या. आमच्या आकाशावर इथेच पट्ट्या उमटलेल्या दिसल्या आणि रवाळपणा थोडा वाढवावा लागला, कारण चित्रफीत दाबून लहान करताना बारीक कण सर्वांत आधी पुसले जातात.

या साऱ्या हिशेबाची एक मर्यादा आहे: तो एका काळापुरता आहे. हाच प्रसंग आजच्या खारघरमध्ये घडवायचा झाला तर तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावू लागली, त्यामुळे चौकटीत आता तिचे खांब येतील आणि त्यांच्या सावल्या. पण त्याहून मोठा बदल उजेडाचा आहे. रस्त्यावर आता एलइडीचे पांढरे दिवे आहेत, आणि त्यांच्या उजेडात निळी छत्री निळी दिसते. घरांमध्ये मात्र पिवळसर बल्ब आणि छतातले मंद दिवे आवडीने लावले जाऊ लागले आहेत. वीस वर्षांत रस्त्याने आणि खिडकीने आपापले रंग जवळजवळ बदलून घेतले आहेत. आजच्या खारघरमध्ये पिवळी खिडकी खरी आहे, रस्ता थंड आहे, आणि ढगांवरून परतणारा उजेड पितळी नसून दुधट आहे. आजच्या प्रसंगात रंग परत मिळणार नाहीत, कारण ते हरवलेलेच नाहीत. तिथे मुलीच्या भीतीला दुसरं काहीतरी शोधावं लागेल: कदाचित पांढऱ्या दिव्यांच्या कडक सावल्या, कदाचित एकसारख्या उजळलेल्या, कुठेही कोपरा नसलेल्या रस्त्याचा परकेपणा.

म्हणून रात्रीची रंगसंगती तयार पाकिटात मिळत नाही. एखाद्या गाजलेल्या चित्रपटातली सुंदर निळी-जांभळी रात्र उचलून आपल्या कथेवर पांघरली की ती दिसते सुंदरच, पण ती रात्र त्या चित्रपटातल्या गावची असते, तिथल्या दिव्यांची असते. आपल्या प्रसंगासाठी आधी साल विचारावं, मग दिवा विचारावा. तो दिवा कोणते रंग गिळतो आणि कोणते सोडतो ते पाहावं, आणि मग कथेतल्या माणसाला त्यांतला कोणता रंग हवाहवासा वाटेल ते ठरवावं. आमच्या त्या आठ वर्षांच्या मुलीला हवा होता फिका निळा, बापाच्या शर्टाचा. साऱ्या रात्रीत तो फक्त शेवटच्या तीन सेकंदांत दिसतो.